रात्रीचं सिंक दहापट मालावर चालवून बघताना

औषधांच्या एका घाऊक वितरकाकडे मी रात्रीच्या सिंकचं काम बघत होतो. नऊ डेपो, पश्चिम महाराष्ट्रभर पसरलेले केमिस्ट, आणि दिवसाला साधारण ४०,००० बिल-ओळी. बिल-ओळ म्हणजे बिलातली एक नोंद: कोणतं औषध, कोणती बॅच, किती नग. रात्री ११ वाजता सगळे डेपो दिवस बंद करतात. मग आमचा प्रोग्राम बिलिंगच्या सर्व्हरवरून त्या दिवसाच्या ओळी आणतो, मुख्य कार्यालयाच्या डेटाबेसमध्ये भरतो, कुठल्या डेपोत कुठल्या बॅचचा किती माल उरला ते मोजतो, आणि शेवटी तो ताजा स्टॉक ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या भागीदार कंपनीला कळवतो. पहाटे ५ वाजता गाड्यांच्या लोडिंग शीट छापायला सुरुवात होते. त्याआधी हे सगळं संपलं पाहिजे. अकरा ते पाच हे सहा तास म्हणजे सिंकची विंडो.

त्या वेळी सिंकला ४२ मिनिटं लागत होती. पुढच्या तीन वर्षांत डेपो वाढवायचे आणि व्यवसाय दहापट न्यायचा, असं ठरत होतं. मी म्हणालो, आधी दहापट मालावर, म्हणजे दहापट बिल-ओळींवर, सिंक चालवून बघू. शेठ म्हणाले, "अहो, बेचाळीस मिनिटं लागतात आणि सहा तास हातात आहेत. साडेआठपट जागा तर अशीच आहे. उरलेल्यासाठी मोठा सर्व्हर घेऊ."

त्यांचा भागाकार बरोबर होता, ३६० भागिले ४२ म्हणजे साडेआठच येतात. पण माल दहापट झाला की वेळही दहापटच होतो, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. चार टप्प्यांचं सिंक असेल तर प्रत्येक टप्पा आपापल्या चालीने वाढतो, आणि ती चाल एकपटीवर दिसत नाही. दहापटीचा लोड टेस्ट करायचा तो ही चाल कळावी म्हणून.

टेस्टच्या आधी एक फुकटची माहिती बघून घ्यावी, ती म्हणजे जुने लॉग. औषधांच्या धंद्यात महिनाअखेरीला टार्गेटसाठी माल ढकलला जातो. त्या दिवशी आमच्याकडे ९६,००० ओळी, म्हणजे साध्या दिवसाच्या २.४ पट यायच्या. साध्या गुणाकाराने त्या रात्री १०१ मिनिटं लागायला हवी होती, लॉगमध्ये १०५ दिसत होती. चार मिनिटांचा फरक कुणाच्या नजरेत भरला नव्हता, आणि भरण्यासारखा तो नव्हताही. पण सगळं सरळ रेषेत वाढत नाही याची पहिली खूण तीच होती.

## दहापट कशाची?

सगळ्यात जास्त वेळ मी या प्रश्नावर घालवला, आणि माझ्या मते घालवावा तिथेच. व्यवसाय दहापट होईल म्हणजे नक्की काय वाढेल? त्याच नऊ डेपोंतून दहापट बिलं निघतील, की डेपोच वाढतील? एका बिलात बारा ओळी असतात त्याच्या एकशे वीस होतील, की बिलांची संख्या वाढेल?

शेवटच्या टप्प्याला याने केवढा फरक पडतो बघा. भागीदाराला आम्ही स्टॉक कळवायचो तो डेपो आणि औषध अशा जोडीने, उदाहरणार्थ 'सांगली डेपो, अमुक गोळी, ३४० पट्ट्या'. एका रात्री साधारण ३,६०० जोड्या बदलायच्या. त्याच डेपोतून तीच औषधं दहापट विकली गेली तर जोड्यांची संख्या फारशी वाढणार नाही, कारण क्रोसिनच्या दहा बिलांनी बदलते ती एकच जोडी. पण डेपो दहापट झाले तर जोड्या ३६,००० होतील. पहिल्या तऱ्हेच्या वाढीत हा टप्पा जवळपास होता तसाच राहतो, दुसऱ्या तऱ्हेत तो दहापट होतो. म्हणून धंद्याची योजना काय आहे ते धंदा करणाऱ्याकडूनच विचारून घ्यावं लागतं. आमच्याकडे उत्तर होतं, 'मुख्यतः डेपो वाढतील.' चाचणीचा माल त्याच बेताने बनवायचा ठरलं.

इथे एक चूक फार सहज होते. आहेत त्याच ओळी दहा वेळा कॉपी करून फाईल फुगवली जाते. पण बिल क्रमांक तेच राहिले तर डेटाबेस त्यांना नव्या नोंदी मानत नाही. 'ही तर आहेच' म्हणून जुनीच नोंद पुन्हा लिहितो. तक्ता वाढत नाही, ओळी पटकन शोधून देणारी सूची म्हणजे इंडेक्स वाढत नाही, डेपो-औषध जोड्या वाढत नाहीत, आणि चाचणी छान वेळेत संपते. आम्ही एका साध्या बुधवारच्या ओळी घेतल्या आणि बिल क्रमांक, डेपो क्रमांक सरकवून नऊ प्रती काढल्या. मूळ एक धरून दहा झाल्या.

```sql
INSERT INTO bill_lines
  (bill_id, depot_id, item_id, batch_no, qty, bill_date, updated_at)
SELECT b.bill_id  + g.k * 100000000,
       b.depot_id + g.k * 100,
       b.item_id, b.batch_no, b.qty, b.bill_date,
       b.updated_at + g.k * interval '7 milliseconds'
FROM bill_lines b
CROSS JOIN generate_series(1, 9) AS g(k)
WHERE b.bill_date = DATE '2025-02-12';
```

खऱ्या दिवसाच्या प्रती घेण्याचा फायदा असा की मालाची ठेवण खरी राहते. मोठ्या हॉस्पिटलचं बिल चारशे ओळींचं असतं, कोपऱ्यावरच्या केमिस्टचं बारा ओळींचं. काही मोजकी औषधं निम्म्या बिलांत असतात, हजारो औषधं महिन्यातून एकदा येतात. यादृच्छिक आकडे टाकून माल बनवला तर सगळं सारखं पसरतं आणि डेटाबेसला काम सोपं होतं.

दुसरी सुटून जाणारी गोष्ट म्हणजे इतिहास. मुख्य कार्यालयाच्या तक्त्यात तेव्हा साधारण २ कोटी जुन्या ओळी होत्या. व्यवसाय दहापट झाल्यावर काही काळाने हा साठाही त्याच प्रमाणात फुगणार. आजची आवक दहापट केली आणि साठा २ कोटीच ठेवला, तर वाढीच्या पहिल्या रात्रीची चाचणी होते, तिसऱ्या वर्षातल्या रात्रीची नाही. आम्ही प्रत्येक पायरीला साठाही वाढवला, दुपटीला ४ कोटी आणि दहापटीला २० कोटी. त्यासाठी चाचणीच्या सर्व्हरवर वेगळी डिस्क घ्यावी लागली, आणि माल बनवायलाच दोन रात्री गेल्या.

आणखी एक, आणि यात हयगय नको. आमचं सिंक संपल्यावर केमिस्टना त्यांच्या उधारीच्या बाकीचा एसएमएस जायचा. चाचणीच्या प्रतीत सगळी नावं आणि फोन नंबर आम्ही आधी बदलून टाकले आणि एसएमएस पाठवणारा भाग तोडून ठेवला. एका ठिकाणी हे राहून गेल्याने मध्यरात्री खऱ्या दुकानदारांना खोट्या बाकीचे निरोप गेलेले मी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी फोन घेता घेता तिथल्या वसुलीच्या माणसांचा अख्खा दिवस गेला.

## नकली भागीदार

चौथा टप्पा दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. त्यांच्या खऱ्या सर्व्हरवर दहापट मारा करणं योग्य नाही आणि करारातही बसत नाही. म्हणून त्यांच्या जागी एक छोटा नकली सर्व्हर उभा केला. पण नकली सर्व्हर ताबडतोब 'ठीक आहे' म्हणणारा असेल तर तो निरुपयोगी. खऱ्याइतका उशीर त्याने लावला पाहिजे, आणि खऱ्याच्या मर्यादाही पाळल्या पाहिजेत. करारात लिहिलं होतं: सेकंदाला पाच विनंत्या, दिवसाला ३०,००० विनंत्या, त्यापुढे `429`, म्हणजे 'हद्द संपली, आता नाही' हे उत्तर. आमच्या नकली सर्व्हरमध्ये या दोन्ही मर्यादा घातल्या.

एकपटीला जोड्या ३,६००, सेकंदाला पाच, म्हणजे ७२० सेकंद, बारा मिनिटं. दैनंदिन मर्यादेपासून आम्ही इतके लांब होतो की ती आहे हेच सगळे विसरून गेले होते.

## मोजलेले आकडे

चाचणीचा सर्व्हर खऱ्या सर्व्हरइतक्याच मेमरीचा आणि तशाच डिस्कचा घेतला. प्रत्येक फेरीआधी डेटाबेस बंद करून चालू केला आणि लिनक्सची फाईल-कॅशही रिकामी केली. तसं न करता तीच फेरी दुसऱ्यांदा चालवली, तर सगळा माल मेमरीत आधीच तापून बसलेला असतो आणि वेळ खोटा कमी दिसतो. मग एकपट, दुप्पट, पाचपट, दहापट अशा चढत्या पायऱ्या घेतल्या. थेट दहापटीवर उडी मारली तर फक्त 'बसलं नाही' एवढंच कळतं. कुठला टप्पा कुठे वळला ते कळत नाही.

वेळ मिनिटांत:

| टप्पा | एकपट | दुप्पट | पाचपट | दहापट |
|---|---|---|---|---|
| ओळी आणणे | ९ | २० | ६५ | १८० |
| भरणे | १४ | २८ | ७० | १४० |
| स्टॉक मोजणे | ७ | १४ | ३५ | ११६ |
| भागीदाराला कळवणे | १२ | २४ | ६० | १०० (अर्धवट) |
| एकूण | ४२ | ८६ | २३० | ५३६ |

पाचपटीला २३० मिनिटं, म्हणजे चार तासांच्या आत. इथे थांबलो असतो तर 'बसतंय' असं सांगून मोकळे झालो असतो. दहापटीला नऊ तास होत आले, म्हणजे सकाळचे आठ, आणि तरीही शेवटचा टप्पा पूर्ण झालेला नव्हता. साधारण सातपटीच्या पुढे विंडो फुटते असं आकड्यांवरून निघत होतं. मात्र सातपट हा साध्या दिवसाचा आकडा झाला. महिनाअखेर २.४ पट असते, म्हणजे धंदा जेमतेम तिप्पट झाला की महिन्यातून एक रात्र फुटणार. दरवर्षी दुप्पट वाढ धरली तर ती रात्र दीड वर्षावर आलेली होती.

हा तक्ता वाचायची सोपी रीत अशी की माल दुप्पट होतो तिथे वेळ किती पट होतो ते बघायचं. भरण्याच्या ओळीत चौदाचे अठ्ठावीस, सत्तरचे एकशे चाळीस, म्हणजे दर वेळी दुप्पट. ही सरळ वाढ. आणण्याच्या ओळीत नवाचे वीस झाले, म्हणजे दुपटीहून थोडं जास्त, आणि पुढे पासष्टचे एकशे ऐंशी, म्हणजे पावणेतीनपट. हे गुणोत्तर स्वतःच वाढत चाललंय, त्यामुळे हा टप्पा पुढे आणखी बिघडत जाणार. मोजण्याच्या ओळीत पाचपटीपर्यंत सगळं सरळ आहे आणि मग एकदम सव्वातीनपट उडी. तिथे कुठेतरी कडा आहे. दोन्ही दुखणी वेगळी, त्यांची कारणंही वेगळी.

## पानं उलटण्याचा खर्च

ओळी आणताना आम्ही ५००-५०० ची पानं मागायचो. प्रत्येक पानासाठी डेटाबेसला सांगायचो, 'आधीच्या इतक्या सोड, पुढच्या ५०० दे.' ही `OFFSET` ची पद्धत. ऐकायला निरुपद्रवी आहे. पण 'सोड' म्हटलं म्हणजे डेटाबेस त्या ओळींवरून उडी मारत नाही. त्या एकेक वाचतो, मोजतो आणि टाकून देतो. दोनशेवं पान हवं म्हणून वहीची पहिल्यापासून दोनशे पानं उलटायची, आणि दोनशे एकावं हवं म्हणून पुन्हा पहिल्यापासून, तसं.

४०,००० ओळींची ८० पानं. पहिल्या पानाला ५०० ओळी वाचायच्या, दुसऱ्याला १,०००, ऐंशीव्याला ४०,०००. सगळं मिळून वाचन १६.२ लाख ओळींचं. ४ लाख ओळींची ८०० पानं होतात, आणि एकूण वाचन १६ कोटी ओळींवर जातं. माल दहापट, वाचन जवळपास शंभरपट. वेळ शंभरपट झाला नाही, कारण प्रत्येक पानामागे बिलिंगच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला सहा सेकंद ठरलेले लागायचे, आणि एकपटीला नऊपैकी आठ मिनिटं त्यातच जायची. वाचनाचा खर्च होता एक मिनिट. दहापटीला तेच एक मिनिट शंभर झालं.

हे दुखणं ओळखायला दहापटीची गरज नव्हती, हे मागाहून लक्षात आलं. प्रत्येक पानाचा वेळ लॉगमध्ये टाकला असता तर एकपटीलाच पहिलं पान सहा सेकंदांचं आणि शेवटचं साडेसात सेकंदांचं दिसलं असतं. दहापटीला शेवटचं पान वीस सेकंदांवर गेलं होतं. एका फेरीत पानाचा वेळ चढत जात असेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

उपाय म्हणजे 'किती सोडायच्या' हे सांगण्याऐवजी 'कुठून पुढे' हे सांगायचं.

```sql
SELECT * FROM bill_lines
WHERE (updated_at, line_id) > (:last_time, :last_id)
ORDER BY updated_at, line_id
LIMIT 2000;
```

दोन्ही रकान्यांवर मिळून एक इंडेक्स असला की डेटाबेस थेट त्या जागी पोचतो. फक्त `updated_at` वर विसंबू नये, कारण एकाच क्षणाच्या अनेक ओळी असतात आणि पानाची सीमा त्यांच्या मधोमध पडली तर काही ओळी कायमच्या सुटतात. `line_id` जोडलाय तो त्यासाठी. आणखी एक बारीक गोष्ट: एखादं बिल १०:५८ ची वेळ लावून ११:०१ ला डेटाबेसमध्ये पक्कं होऊ शकतं. आपण तोवर पुढे गेलेलो असतो. म्हणून दर रात्री सुरुवात मागच्या खुणेच्या दहा मिनिटं आधीपासून करायची. थोड्या ओळी दुसऱ्यांदा येतात, आणि भरण्याचा टप्पा तीच ओळ पुन्हा आली तरी बिघडत नाही असा लिहायचा. पानही ५०० वरून २,००० ओळींचं केलं. ८०० ऐवजी २०० फेऱ्या झाल्या. १८० ची २७ मिनिटं झाली.

## मेमरीचा काठ

स्टॉक मोजण्याचा टप्पा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. आमचा प्रोग्राम दर रात्री शिल्लक असलेल्या सगळ्या बॅचची आवक-जावक मुळापासून मोजायचा. त्यासाठी पोस्टग्रेसला, म्हणजे आमच्या डेटाबेसला, ओळी बॅचप्रमाणे लावून घ्याव्या लागतात. ही लावालाव तो मेमरीत करतो, पण एका कामाला किती मेमरी वापरायची याची हद्द `work_mem` या सेटिंगने ठरते. मूळ हद्द अवघी ४ एमबी असते, आम्ही ती आधीच वाढवलेली होती. माल हद्दीत मावला नाही तर तो तुकड्या-तुकड्याने डिस्कवर उतरवतो आणि परत वाचून जुळवतो. जमिनीवर पत्ते पसरून लावणं वेगळं आणि जागा पुरत नाही म्हणून गठ्ठे कपाटात ठेवत, काढत लावणं वेगळं.

यात भर म्हणजे, पाचपटीपर्यंत तक्त्याचा लागणारा भाग सर्व्हरच्या मेमरीत मावत होता, दहापटीला तोही मावेना. दोन्ही गोष्टी एकदम डिस्कवर गेल्या. अशी वाढ कुठल्याही सूत्राने आधी सांगता येत नाही, कारण काठ येईपर्यंत सगळं सरळच दिसतं. तो काठ पार करूनच बघावा लागतो, आणि दहापट निवडण्यामागे माझ्या लेखी हे सगळ्यात भक्कम कारण आहे.

क्वेरी आतून कशी चालली ते दाखवणाऱ्या `EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)` मध्ये खूण स्वच्छ दिसते. पाचपटीला तिथे `Sort Method: quicksort  Memory` असं होतं, दहापटीला `Sort Method: external merge  Disk` झालं. शिवाय `log_temp_files` चालू ठेवलं तर डिस्कवर उतरवलेल्या प्रत्येक तात्पुरत्या फाईलची नोंद लॉगमध्ये येते. रोजच्या सर्व्हरवर हे सेटिंग चालू ठेवावं, म्हणजे काठ जवळ आल्याचं खऱ्या मालावरच कळतं.

पहिला मोह होतो `work_mem` भरमसाट वाढवण्याचा. पण ही हद्द प्रत्येक लावालावीला वेगळी लागू होते. एका क्वेरीत अशा चार लावालावी असतील तर चौपट, आणि सोबत दुसरी कामं चालू असतील तर त्यांचीही भर. सगळ्या सर्व्हरसाठी ती वाढवली तर दिवसा शंभर माणसं काम करताना मेमरीच संपेल. सिंकच्या एका सेशनपुरती वाढवणं ठीक आहे. आम्ही मात्र कामच बदललं. ज्या बॅचला आज हात लागला तेवढ्याच नव्याने मोजायच्या आणि बाकीच्यांचा कालचा आकडा तसाच ठेवायचा. साठा २० कोटी असो की ४० कोटी, रोज हात लागतो तो थोड्याच बॅचना. ११६ ची १५ मिनिटं झाली. रविवारी रात्री सगळं मुळापासून मोजून पडताळणी होते, म्हणजे चुकून काही फरक पडलाच तर आठवड्यात सापडतो.

भरण्याच्या टप्प्यात गूढ काही नव्हतं. ओळ एक, कमिट एक, असं चालायचं, आणि प्रत्येक कमिटला डिस्कवर पक्की नोंद होईपर्यंत थांबायचं. एका ओळीला २१ मिलिसेकंद. त्याऐवजी `COPY` ने सगळं एका तात्पुरत्या तक्त्यात ओतलं आणि तिथून पाच-पाच हजारांच्या गठ्ठ्याने `INSERT ... ON CONFLICT DO UPDATE` केलं. १४० ची ६ झाली.

## जिथे वेळेचा प्रश्नच नव्हता

चौथ्या टप्प्यातला अडथळा वेळेचा नव्हताच. दहापटीला ३६,००० जोड्या कळवायच्या होत्या आणि दिवसाची हद्द ३०,००० ची. नकली सर्व्हरने शंभराव्या मिनिटाला `429` द्यायला सुरुवात केली आणि ६,००० जोड्या राहून गेल्या. थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय प्रोग्राममध्ये होती, पण ती इथे कामाची नाही. भागीदाराचा दिवस यूटीसीने बदलतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. आमची विंडो पाचला संपते. पूर्ण रात्रभर थांबलं तरी मोजणी शून्यावर येणारच नाही.

मोठा सर्व्हर घेऊन हे सुटलं नसतं. सुटलं ते कागदपत्रं नीट वाचल्याने: एका विनंतीत १०० जोड्या पाठवायची सोय त्यांनी दिलेलीच होती, आम्ही कधी वापरली नव्हती. ३६० विनंत्या, चार मिनिटं.

## शेजारी, आणि अर्धी विंडो

रोज पहाटे २ वाजता डेटाबेसचा बॅकअप चालतो. सिंक पावणेबारालाच संपायचं, त्यामुळे दोघांची कधी गाठ पडली नव्हती. दहापटीला दोन वाजता सिंक ऐन भराला असणार होतं. म्हणून जुन्या प्रोग्रामची एक फेरी बॅकअप सोबत चालवून घेतली, आणि नुसता भरण्याचा टप्पा १४० वरून १९० मिनिटांवर गेला. आपल्या विंडोत आणखी कोण राहतं याची यादी ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून काढावी आणि एक फेरी सगळ्यांसोबत चालवावी. शांत सर्व्हरवरचा आकडा खऱ्या रात्रीचा नसतो.

विंडो सहा तासांची असली तरी आम्ही लक्ष्य तीन तासांचं धरलं. कारण साधं आहे: सिंक शेवटच्या टप्प्यात कोसळलं तर ते पहिल्यापासून पुन्हा चालवता आलं पाहिजे. शिवाय एखादी रात्र पूर्ण चुकली, तर दुसऱ्या रात्री दोन दिवसांचा माल असतो. एका दिवसाच्या मालाला निम्म्याहून जास्त विंडो लागत असेल तर ती थकबाकी एका रात्रीत फिटत नाही.

सगळे बदल करून दहापटीला २७, ६, १५ आणि ४, अशी ५२ मिनिटं लागली. पण वेळ बघण्याआधी आम्ही दोन्ही बाजूंच्या ओळींची संख्या आणि नगांची बेरीज डेपोवार ताडून पाहिली. भाराखाली एखादं पान टाइमआउट झालं आणि प्रोग्रामने ते गुपचूप सोडून दिलं, तर सिंक उलट लवकर संपतं. आमच्या एका मधल्या फेरीत तसं झालंही होतं: दोन पानं, ४,००० ओळी गायब, आणि प्रोग्रामच्या मते सगळं यशस्वी. तेव्हापासून बेरीज जुळली नाही तर सिंक स्वतःला नापास करतं, लोडिंग शीट छापू देत नाही, आणि मला फोन येतो.

शेवटची फेरी दहापटीच्या महिनाअखेरीची घेतली, म्हणजे आजच्या २४ पट, साडेनऊ लाखांहून जास्त ओळी. तिसऱ्या टप्प्याच्या मधोमध प्रक्रिया मुद्दाम मारली आणि पुन्हा चालू केली. पहिले दोन टप्पे पूर्ण झाल्याची खूण सापडल्याने ती तिसऱ्यापासूनच पुढे गेली. हा खोळंबा धरून १४० मिनिटं लागली, म्हणजे ११ ला सुरू होऊन १:२० ला संपलं. बॅकअपला अजून चाळीस मिनिटं होती. `log_temp_files` ची नोंद मात्र पुन्हा दिसू लागली होती, तिसऱ्याच टप्प्यात, १८० एमबीची एक फाईल. पुढचा काठ तिथे आहे.